आखाती नोकरीचा रिझ्युमे: अनुभव, व्हिसा आणि नोटीस या तीन ओळी कशा लिहाव्यात

संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया किंवा कतारमधील एखाद्या बांधकाम कंपनीने जाहिरात दिली की अर्जांचा ढीग पडतो आणि तो उपसणारी व्यक्ती बहुधा तांत्रिक नसते. तिच्याकडे पदासाठी लागणाऱ्या गोष्टींची एक यादी असते आणि त्या यादीतील पहिल्या तीन रकान्यांची उत्तरे ती रिझ्युमेच्या वरच्या भागातच शोधते: या कामाचा अनुभव किती वर्षांचा आहे, उमेदवार सध्या कोणत्या व्हिसावर आहे आणि तो किती दिवसांत मोकळा होतो. दिसायला हे तीन प्रश्न असले, तरी त्यांच्यामागे एकच हिशोब असतो. हा माणूस कायदेशीररीत्या नेमक्या कोणत्या तारखेला कामावर हजर होऊ शकेल, आणि त्याला कोणत्या श्रेणीत बसवता येईल, एवढेच कंपनीला त्या टप्प्यावर हवे असते. त्यामुळे या तीन ओळी एकमेकींशी जुळणाऱ्या, तारखांनिशी लिहिलेल्या आणि कागदाने सिद्ध होणाऱ्या असाव्या लागतात.

पुढील मांडणीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. भारतात नोकरी करणारा एक विद्युत अभियंता दुबईतील एमईपी कामाच्या, म्हणजे इमारतीतील यांत्रिक, विद्युत आणि नळकामाच्या कंत्राटदाराकडे अर्ज करतो आहे, आणि जाहिरातीत त्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव मागितला आहे. हिशोबाची तारीख 31 मे 2025 धरू.

अनुभव महिन्यांत मोजा

आपल्याकडे अनुभव सांगण्याची सवय अशी की पहिल्या नोकरीचे वर्ष चालू वर्षातून वजा करायचे आणि पुढे अधिकचे चिन्ह लावायचे. आपला अभियंता 2016 साली नोकरीला लागला, म्हणून तो सहज "9+ years" असे लिहून मोकळा होतो. आता त्याची अनुभवपत्रे समोर ठेवून मोजू. पहिली नोकरी जुलै 2016 ते मार्च 2018, म्हणजे 21 महिने, आणि ती एका कारखान्याच्या देखभाल विभागात. दुसरी जून 2018 ते डिसेंबर 2021, म्हणजे 43 महिने. तिसरी फेब्रुवारी 2022 पासून आजपर्यंत, म्हणजे मे 2025 अखेर 40 महिने. एकूण 104 महिने होतात, म्हणजे आठ वर्षे आठ महिने. नऊ वर्षे नव्हेत, आणि नवावर अधिक तर नव्हेतच. दोन नोकऱ्यांमधील मोकळे महिने वजा करायचे राहून जातात आणि आकडा फुगतो.

खरी अडचण मात्र एकूण आकड्यात नसून संबंधित अनुभवात आहे. जाहिरातीत सात वर्षे मागितली आहेत ती इमारतींच्या एमईपी कामाची. कारखान्यातील देखभालीचे 21 महिने त्यात धरता येत नाहीत. उरतात 83 महिने, म्हणजे सहा वर्षे अकरा महिने. एका महिन्याने कमी पडते आहे, आणि येथेच बहुतेकांचा हात "7" या आकड्याकडे वळतो. माझे मत असे की रिझ्युमेत सहा वर्षे अकरा महिने असेच लिहावे. कारण छाननी करणारा हा आकडा नोकऱ्यांच्या तारखांशी ताडून पाहतो, आणि वरच्या ओळीतील आकडा खालच्या तारखांशी जुळला नाही तर पुढच्या प्रत्येक ओळीबद्दल त्याच्या मनात शंका येते. महिन्यांसह दिलेला आकडा पाहिल्यावर बहुतेक भरती अधिकारी एका महिन्यासाठी अर्ज बाजूला टाकत नाहीत. अर्जाच्या फॉर्ममध्ये फक्त पूर्ण वर्षांचा रकाना असेल, तर तेथे पूर्ण झालेली वर्षेच भरावीत, आणि मुदत परवानगी देत असेल तर सातवे वर्ष पूर्ण होईपर्यंतचा तो एक महिना थांबून अर्ज करावा.

मोजताना आणखी दोन ठिकाणी चूक होते. पदवीआधीचे प्रशिक्षण किंवा इंटर्नशिप एकूण अनुभवात धरू नये. पदवीनंतरचे शिकाऊ वर्ष मात्र त्याचे अनुभवपत्र हातात असेल तर धरता येते. पदविकेनंतर नोकरी करत करत पदवी घेतलेल्यांनी जाहिरात नीट वाचावी, कारण "पदवीनंतरचा अनुभव" असे लिहिलेले असेल तर मोजणी पदवीच्या तारखेपासून सुरू होते आणि आकडा एकदम खाली येऊ शकतो.

आखाती अनुभव नसेल तर काय लिहावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. "GCC experience: Nil" अशी ओळ स्वतःहून घालण्याची गरज नाही, कारण कामाची ठिकाणे खाली दिसतातच. परंतु आपल्या कामाचे जे टप्पे तिकडच्या कामाशी मिळतात ते त्या नोकरीच्या वर्णनात स्पष्ट यावेत. सल्लागाराकडून साहित्याची मंजुरी घेणे, शॉप ड्रॉइंग सादर करणे, तपासणीची विनंती देऊन काम पास करून घेणे ही कामे दुबईच्या साइटवरही याच क्रमाने चालतात. "साइटवरील विद्युत कामाची देखरेख केली" या वाक्यातून छाननी करणाऱ्याला काहीच कळत नाही. किती मजल्यांच्या इमारतीत, कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंत, हे सांगितले की कळते.

व्हिसाची ओळ

व्हिसाच्या ओळीने कंपनीला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: उमेदवार शरीराने कोणत्या देशात आहे आणि त्याला कामावर घेण्यासाठी कोणते कागद करावे लागतील. अमिरातीत कामाच्या परवान्याशिवाय माणूस ठेवणे कंपनीला फार महाग पडते. 2024 मध्ये झालेल्या बदलानुसार अशा कंपनीला एक लाख ते दहा लाख दिरहॅमपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून या ओळीत संदिग्धता असली की अर्ज पुढे सरकत नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्याने भारतात असल्याचे सरळ लिहावे. पत्त्याच्या जागी "Dubai, UAE" टाकून फोन नंबर मात्र +91 ने सुरू होणारा ठेवलेले रिझ्युमे मी अनेक पाहिले आहेत. त्यांचा परिणाम एवढाच होतो की दुसऱ्याच दिवशी मुलाखतीला प्रत्यक्ष बोलावणे येते, उमेदवाराला नाही म्हणावे लागते आणि पुढच्या खेपेला त्या कंपनीत त्याचे नाव बघताच बाजूला पडते. त्यापेक्षा "व्हिसा लागेल, पदवी साक्षांकित आहे" ही माहिती जास्त कामाची आहे, कारण तिने कंपनीचे प्रत्यक्ष दिवस वाचतात. अमिरातीसाठी पदवी आधी राज्य पातळीवर, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नंतर अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावी लागते, आणि शेवटचा शिक्का तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा असतो. हे काम नोकरी ठरल्यावर सुरू केले तर तेवढे आठवडे रुजू होण्याच्या तारखेत मिळवावे लागतात. सौदी अरेबिया डिसेंबर 2022 पासून अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले एकच प्रमाणपत्र, स्वीकारतो, त्यामुळे तेथील वाट वेगळी आहे. दोन्ही देशांत अर्ज करणाऱ्याने कोणत्या देशासाठी काय झाले आहे ते ओळीत लिहावे.

पासपोर्टबद्दल फक्त तो कोणत्या महिन्यापर्यंत वैध आहे एवढे पुरे. पासपोर्टचा क्रमांक रिझ्युमेवर कधीही टाकू नये. पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असेल तर आखाती देशांतील नोकरीसाठी भारत सरकारची उत्प्रवासन मंजुरी लागते आणि ती eMigrate प्रणालीतून होते. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला हा शिक्का सहसा लागू होत नाही, परंतु जुन्या पासपोर्टवर तो राहून गेलेला असू शकतो. अर्ज करण्याआधी तपासून तो काढून घेतला तर नंतरची धावपळ टळते.

जे आधीच तिकडे आहेत त्यांच्या ओळी प्रत्येक स्थितीनुसार बदलतात. जोडीदाराच्या किंवा वडिलांच्या प्रायोजकत्वावर राहणाऱ्याने ते ठळकपणे लिहावे, कारण अमिरातीत अशा व्यक्तीसाठी कंपनीला सहसा फक्त कामाचा परवाना काढावा लागतो आणि निवास व्हिसाचा खर्च वाचतो. भेटीच्या व्हिसावर असलेल्याने त्याची शेवटची तारीख द्यावी. "On visit visa" एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला पाच दिवस उरले आहेत की पन्नास, हे कळत नाही. नोकरीचा व्हिसा रद्द झालेल्यांना देश सोडण्याआधी किंवा नवी व्यवस्था करण्याआधी जी सवलतीची मुदत मिळते ती निवासाच्या प्रकारानुसार बदलते, म्हणून ऐकीव दिवस मोजण्यापेक्षा अमिरातीतील निवास व व्हिसा पाहणाऱ्या ICP किंवा GDRFA या सरकारी यंत्रणांच्या संकेतस्थळावर आपली नेमकी तारीख पाहावी आणि तीच लिहावी. अशा उमेदवाराच्या दोन ओळी अशा दिसतील:

```
Visa   : In Dubai; employment visa cancelled; stay valid to 18 Aug 2025
Notice : None; can start once new work permit is issued
```

सौदीमध्ये निवास परवान्याला इकामा म्हणतात, आणि "transferable iqama" हे शब्द इतके सैल वापरले जातात की त्यांचा अर्थच उरलेला नाही. मार्च 2021 पासून लागू झालेल्या सुधारणेने ठरावीक अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते, आणि त्यातील एक अट अशी की देशात आल्यानंतर सध्याच्या मालकाकडे एक वर्ष पूर्ण झालेले असावे. ही अट पूर्ण नसेल तर "transferable" लिहू नये. त्याशिवाय इकाम्यावर कोणता व्यवसाय नोंदलेला आहे तेही महत्त्वाचे असते. माणूस अभियंता आणि इकाम्यावर भलतेच पद, असे असेल तर बदली अडते. अभियंत्यांनी सौदी अभियंता परिषदेकडे आपली नोंदणी आहे की नाही तेही याच जागी सांगावे.

नोटीस

नोटीसच्या ओळीत करारातील दिवस लिहायचे असतात, मनातील नव्हेत. "Immediate" हा शब्द नोकरीत असलेल्या माणसाने लिहू नये. हा शब्द वाचून कंपनी एका आठवड्यात हजर होण्याची अपेक्षा ठेवते, आणि मुलाखतीत "आधी राजीनामा द्यावा लागेल" असे निघाले की छाननीत दिलेले उत्तर चुकीचे ठरते.

आपल्या अभियंत्याचा करार 60 दिवसांचा आहे. परंतु भारतातून जाणाऱ्याची प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असते, कारण शहाण्या माणसाने प्रवेश परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये. नियुक्तीचे पत्र 10 जूनला आले आणि परवान्याला तीन आठवडे लागले असे धरू. 1 जुलैला राजीनामा दिला तर 60 दिवस 29 ऑगस्टला संपतात, आणि तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजर होतो. म्हणजे "60 days" या शब्दांआड नियुक्तीपासून सुमारे बारा आठवडे दडलेले आहेत. भारतातून माणसे घेणारा अनुभवी भरती अधिकारी हे जाणतो. नवखा जाणत नाही, आणि मग मध्येच नाराजी येते. म्हणून मुलाखतीत विचारले की दोन्ही आकडे सांगावेत: करारातील 60 दिवस, आणि परवाना मिळाल्यापासूनचा खरा हिशोब.

हे दिवस कमी करता येतात का ते रिझ्युमे लिहिण्याआधीच पाहावे. करारात "नोटीस किंवा त्याबदल्यात पगार" असे कलम असते. त्यातील हा पर्याय कोणाचा आहे हे शब्द वाचून ठरवावे. कित्येक करारांत पगार घेऊन लवकर सोडण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर ठेवलेला असतो, आणि कर्मचारी मात्र तो आपला हक्क समजून "30 days" लिहितो. कलम कर्मचाऱ्याला तो हक्क देत असेल किंवा आपल्या मनुष्यबळ विभागाने ईमेलवर तसे कळवले असेल, तरच ते रिझ्युमेत यावे. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होण्याचेही तसेच.

अमिरातीत आधीच नोकरी करणाऱ्यांसाठी 2022 पासून लागू असलेला कामगार कायदा नोटीस 30 ते 90 दिवसांच्या आत ठेवतो. जो अजून परिवीक्षेत आहे त्याने तेही सांगावे, कारण परिवीक्षेत असताना देशातल्या देशात दुसरीकडे जायचे तर किमान एक महिना आधी कळवावे लागते आणि वेगळे ठरलेले नसल्यास जुन्या मालकाचा भरतीचा खर्च नव्या मालकाला भरून द्यावा लागतो. हा खर्च शेवटच्या क्षणी समोर आला की नवी कंपनी मागे हटते.

तीन ओळी एकत्र

आता आपल्या अभियंत्याचा वरचा भाग लिहून पाहू.

```
Electrical Engineer (MEP) | Indian | Passport valid to Mar 2031
Experience : 8 yrs 8 mths total; 6 yrs 11 mths MEP (as of 31 May 2025)
Visa       : In India; employment visa required; degree attested for UAE
Notice     : 60 days per contract
```

अनुभवासमोर तारीख आहे, कारण फाइल भरती संस्थेच्या साठ्यात महिनोन्महिने पडून राहते आणि तारीख नसलेला आकडा केव्हाचा ते कळत नाही. "MEP" हा शब्द जाहिरातीत जसा आहे तसाच ठेवला आहे. कौशल्यांची लांबलचक यादी किंवा ध्येयाचा परिच्छेद या ओळींच्या वर येऊ देऊ नये. नाव, फोन, ईमेल आणि लगेच हा भाग. जन्मतारीख, छायाचित्र किंवा वैवाहिक स्थिती काही कंपन्या मागतात, ती मागितल्यावर द्यावी. पगाराची अपेक्षा फॉर्ममध्ये, दिरहॅममध्ये, रिझ्युमेत नको.

यानंतर एक साधी तांत्रिक तपासणी करावी. वर्डच्या फाइलमधील शीर्षपट्टीत, म्हणजे हेडरमध्ये, किंवा मजकुराच्या चौकटीत लिहिलेला भाग काही छाननी प्रणालींना वाचता येत नाही, आणि नेमक्या या तीन ओळी तेथे टाकण्याचा मोह होतो. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडावा, नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि पाहावे. ओळी दिसल्या नाहीत किंवा आकडे विस्कटून भलत्याच क्रमाने आले, तर त्या मुख्य मजकुरात साध्या ओळी म्हणून हलवाव्यात. छायाचित्र म्हणून जतन केलेल्या पीडीएफमधून तर काहीच उतरत नाही.

मग येतो जुळवणीचा भाग, ज्यात चांगले रिझ्युमेही घसरतात. Naukrigulf, Bayt किंवा LinkedIn वरील प्रोफाइलमध्ये व्हिसा, ठिकाण आणि अनुभव वेगळे रकाने म्हणून भरलेले असतात, आणि कंपनी गाळणी लावते ती त्या रकान्यांवर; फाइल नंतर उघडली जाते. फाइलमध्ये 60 दिवस आणि प्रोफाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी भरलेले "Immediate" असेल, तर दोन्ही खोटे वाटतात. नोकऱ्यांच्या तारखा अनुभवपत्र, कार्यमुक्ती पत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरील नोंदींशी ताडून घ्याव्यात. निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख पुढची आणि अनुभवपत्रावर आधीची असेल, तर कोणती लिहायची याचे उत्तर अनुभवपत्र हेच आहे, कारण तिकडे तोच कागद मागतात. परंतु ती तफावत का आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

एजंटमार्फत अर्ज जात असेल तर पाठवलेली प्रत त्याच्याकडून मागून घ्यावी. काही एजंट अनुभवाचा आकडा आपल्या सोयीने जाहिरातीला जुळवून टाकतात, आणि मुलाखतीत उमेदवार सहा वर्षे अकरा महिने म्हणतो तेव्हा समोरच्या कागदावर दहा असतात. नोंदणीकृत एजंटला भारतात घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच आहे, आणि अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा व व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. व्हिसाच्या नावाने वेगळी रक्कम मागितली जात असेल तर तेथेच थांबावे.

दर महिन्याच्या पहिल्या दिवशी या तीन ओळी पुन्हा काढाव्यात. आपल्या अभियंत्याने 1 जुलैला तसे केले तर अनुभव सात वर्षे होतो, तारीख 30 जून 2025 होते, आणि त्याच दिवशी प्रोफाइलमधील वर्षांचा रकाना 6 वरून 7 वर नेता येतो.